खाचरातल्या वालाला पाणी कुठून मिळतं?

शिक्षक मित्रांनो आणि पालकांनो, कृषी पदविकेच्या मुलांचा सरावसंच हातात घेऊन एकदा चाळून बघा. मातीच्या धड्यावर मातीचे प्रश्न, सिंचनावर सिंचनाचे आणि शेवटी ‘पिकांच्या फेरपालटीचे चार फायदे लिहा’. मुलं लिहितातही. पण महाड-पोलादपूरच्या शेतात हे तीन धडे वेगळे नसतात. त्यामुळे तीन प्रश्नांऐवजी एकच प्रश्न विचारावा, असं माझं मत आहे: भात कापल्यावर त्याच खाचरात अंगओलीवर वाल पेरला, एकही पाणी दिलं नाही, तरी तो येतो कसा?

आधी आकडेमोड करून घ्या. समजा, आपली तांबडी जांभ्याची माती वाफशावर असताना तिच्यात 27 टक्के ओल आहे. 17 टक्क्यांवर झाड कायमचं सुकतं. मातीची घनता 1.3 आणि मुळं 30 सेंटिमीटर खोल धरू. मधले 10 टक्के म्हणजे 0.10. त्याला 1.3 ने आणि 30 ने गुणलं की 3.9 सेंटिमीटर, म्हणजे 39 मिलिमीटर पाणी पिकाला मिळू शकतं. पीक दिवसाला 3 मिलिमीटर पाणी घेत असेल तर हा साठा 13 दिवसांत संपतो. निम्मा साठा संपल्यावर पाणी द्यायचं म्हटलं, तर पाळी साधारण सहा दिवसांनी येते. इथवर पुस्तकातलं गणित झालं, आणि बहुतेक पेपर इथेच थांबतात.

आता मुलांना पुढे ढकला. वाल शेतात साधारण शंभर दिवस असतो. सगळे दिवस 3 मिलिमीटर धरले तर 300 मिलिमीटर पाणी लागेल. मुळं तीन फूट खाली गेली असं मानलं तरी साठा 117 च होतो. रोप लहान असताना पाणी कमी लागतं, हे मान्य. तरी हिशेब जुळत नाही. मग उरलेलं पाणी कुठलं? इथे मुलांना स्वतःचं शेत आठवावं लागतं. सखल खाचराला वरच्या उतारावरून जमिनीखालून पाझर येत राहतो, आणि तिथे पाण्याची पातळीही फार खोल गेलेली नसते. म्हणून सावित्रीकाठच्या किंवा दरीच्या तळाच्या खाचरात वाल उभा राहतो आणि वरच्या भरडीवर तो फुलोऱ्यातच माना टाकतो. वरकस उतारावर जुन्या लोकांनी नाचणी, मग वरी, मग तीळ किंवा कारळा आणि त्यानंतर जमीन पड, असा वेगळाच फेर ठेवला होता. तो पावसाळ्यातच आटोपतो.

पण पाझर असूनही वाल फसतो, आणि पेपरात खरी गंमत इथे आहे. एक कारण म्हणजे उशीर. भात निघाल्यावर वरचा थर बघता बघता वाळतो. बी त्या कोरड्या मातीत पडलं तर खालच्या ओलीचा काही उपयोग नाही. म्हणजे वाल येणार की नाही हे जूनमध्येच, भाताचं वाण निवडताना निम्मं ठरतं! गरवं भात घेतलं तर कापणी लांबते आणि ओल हातची जाते. हळवं किंवा निमगरवं घेतलं तर कापल्याबरोबर टोकण करता येते. फेरपालट म्हणजे नुसती पिकांची नावं नव्हेत, तारखाही असतात.

दुसरं कारण चिखलणी. दरवर्षीच्या चिखलणीने वीतभर खाली घट्ट थर तयार होतो. भाताला तो हवाच, पाणी साठतं म्हणून. वालाच्या मुळांना मात्र तो अडवतो. हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. पीक महिन्याचं झालं की दोन फुटांचा खड्डा खणून घ्या. मुळं सरळ खाली न जाता आडवी वळलेली दिसली आणि थराखालच्या मातीचा मुठीत गोळा होत असला, तर पाणी आहे पण मूळ पोचत नाही, असा अर्थ. त्याच झाडाच्या मुळावरची गाठ नखाने फोडून बघा. आत गुलाबी असेल तर नत्र धरण्याचं काम चालू आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही. ‘कडधान्यामुळे नत्र वाढते’ हे वाक्य लिहून घेताना हेही विचारा, की शेंगा काढताना झाड मुळासकट उपटून घरी नेलं तर पुढच्या भाताला मागे काय उरतं?

आणि एक गोष्ट कुठल्याच धड्यात नाही. भात निघालं की गुरं मोकळी सुटतात. वाडीत एकट्याने वाल पेरला तर तो गुरांच्याच पोटात जातो. शेजारची दहा खाचरंही पेरलेली असतील, तरच राखण परवडते. काही सहकारी म्हणतील, हा काही कृषिशास्त्राचा प्रश्न नाही. मी तरी त्याला दोन गुण ठेवीन.

पालकांनो, मुलगा नोव्हेंबरात घरी आला की त्याच्या हातात कुदळ द्या आणि बांधालगत एक, खाचराच्या मध्यावर एक, असे दोन खड्डे खणायला सांगा. दोन्हीकडची ओल किती खोलीवर लागली, एवढंच त्याने वहीत लिहून आणायचं.