नकाशांतील तीन फूट

वाईचें आमचें जुनें घर आम्हां दोघां बंधूंनीं यंदा उतरविलें, व त्याच जागेवर नवें बांधण्याचें ठरविलें. वास्तुविशारद म्हणून ज्याची योजना केली तो माझाच एके काळचा विद्यार्थी. त्यानें मोठ्या हौसेनें नकाशा काढून पाठविला. तो पाहून घरांतील सर्व मंडळी संतुष्ट झालीं, आणि मीही झालों. परंतु कागदावरील खोली व अंगाखालची खोली यांत अंतर असतें, हें ध्यानांत आल्यावर मीं एक खटाटोप केला. शाळेच्या क्रीडांगणावर आखणी करावयाची ती पांढरी फक्की आणविली, आणि धाकट्या बंधूस टेप धरावयास लावून मोकळ्या झालेल्या जागेवर तळमजला मूळ मापानें आखून काढला. नंतर बिऱ्हाडांतून एक पलंग व चार खुर्च्या तेथें आणून ठेविल्या. त्या सायंकाळीं जें दिसलें तें वास्तुविशारदास पत्रानें कळविलें. घर बांधूं इच्छिणाऱ्या वाचकांस उपयोग व्हावा म्हणून तें पत्र येथें देत आहें.

---

आयुष्मान वास्तुविशारद यांस,

अनेक उत्तम आशीर्वाद विनंति विशेष. तूं पाठविलेला नकाशा पोंचला. रेखाटन स्वच्छ आहे. शाळेंत तुझी भूमितीची वही अशीच असे. तथापि कांहीं फेरफार सुचवावयाचे आहेत. ते कां हवेत हें मी सविस्तर लिहितों, कारण माझा उपाय चुकीचा असला तरी अडचण खरी आहे; उपाय तूं याहून चांगला काढशील.

प्रथम मापांविषयीं. मातोश्रींच्या खोलीवर तूं ११ फूट × १० फूट असें लिहिलें आहेस. फक्कीनें आखतांना मला कळलें कीं, हीं मापें भिंतींच्या मध्यरेषांपासून मध्यरेषांपर्यंतचीं आहेत. पूर्वेची बाहेरील भिंत ९ इंची, तिचे ४॥ इंच खोलीकडे येणार. समोरची आंतील भिंत ४॥ इंची, तिचे २। इंच, शिवाय दोन्हीकडे अर्धा-अर्धा इंच गिलावा. अकरा फुटांतून पावणेआठ इंच गेले. दुसऱ्या बाजूस दोन्ही भिंती पातळ, म्हणून तेथें ५॥ इंच गेले. हातीं उरली ती खोली १० फूट ४ इंच × ९ फूट ६ इंच. पायाची आखणी करणाऱ्या गवंड्यास मध्यरेषा हव्यात हें मी समजतों; परंतु घरांत राहणाऱ्यास गिलाव्यानंतरचें आंतील माप हवें. तें नकाशावर निराळ्या शाईनें लिहावेंस. पुढें मी जीं मापें देतों तीं सर्व आंतील आहेत.

आतां मुख्य गोष्ट. ती तुला ठाऊक नाहीं, कारण मीं सांगितली नव्हती. दोष माझा आहे. गेल्या वर्षी रात्रीं दोनच्या सुमारास मातोश्री न्हाणीघराकडे जात असतां जुन्या घराच्या बोळांत पडल्या. खुब्याचें हाड मोडलें, शस्त्रक्रिया झाली. त्यांचें वय आज ८७. चार पायांच्या वॉकरनें त्या चालतात, परंतु चाकांची खुर्ची लागेल तो दिवस दूर आहे असें डॉक्टर म्हणत नाहींत.

तुझ्या नकाशांत त्यांच्या पलंगापासून न्हाणीघर दिवाणखान्यापलीकडे, जिन्याशेजारीं आहे. फक्कीच्या रेषांतून आम्हीं तें अंतर मोजलें. २७ फूट, दोन दारें, आणि शेवटीं पाणी बाहेर येऊं नये म्हणून ४ इंचांचा उंबरठा. ज्या वाटेनें त्या पडल्या ती वाट याहून आंखूड होती.

खोलीचेंही तसेंच. पलंग ३ फूट रुंद. रात्रीं सौ. किंवा वहिनी त्यांच्याजवळ खालीं निजतात. त्या अंथरुणाला २॥ फूट. कपाट २ फूट. दार उघडण्यास २॥ फूट. बेरीज दहा फूट झाली, आणि खोली आहे साडेनऊ! तेव्हां दार पुरतें उघडावयाचें तर अंथरूण गुंडाळावें लागेल.

यास्तव माझी विनंति अशी कीं, दिवाणखाना १४ × २० आहे तो १४ × १७ करावा, व मधली भिंत तीन फूट पुढें घेऊन मातोश्रींची खोली १० फूट ४ इंच × १२ फूट ६ इंच करावी. तिच्या मागें ५ फूट रुंदीची जी कोठी दाखविली आहेस तिचें न्हाणीघर करावें. लांबी ८ फूट घेतली कीं उरलेल्या सुमारें दोन फुटांत भिंतींतलें कपाट होईल व लांकडी कपाट खोलींतून जाईल. मग पलंग दिवाणखान्याच्या भिंतीशीं, डोकें पूर्वेस. त्याला लागून अंथरूण. आणि न्हाणीघरापर्यंत ७ फूट मोकळे. चाकांची खुर्ची वळविण्यास ५ फूट व्यासाचें वर्तुळ लागतें, तें त्यांत बसतें. पलंगाच्या पायथ्यापलीकडे ३ फूट १० इंच उरतात. खोलीचें दार तेथें, सरळ दिवाणखान्यांतून घ्यावें. बोळांतून घेतल्यास खुर्ची अरुंद जागेंत काटकोनांत वळवावी लागेल. शिवाय मातोश्रींना माणसांचा आवाज कानीं पडत राहिला म्हणजे बरें वाटतें.

न्हाणीघराच्या दाराविषयीं थोडें अधिक लिहितों. रिवाज २॥ फुटी चौकटीचा आहे. चौकटीचें लांकूड दोन्हीकडचें वजा जातां आंत जेमतेम सव्वादोन फूट राहतात. खुर्चीच रुंदीनें २५-२६ इंच असते. ढकलणाऱ्याचें सोडा, बसलेल्याचीं कोंपरें सोलून निघतील. म्हणून चौकटीच्या आंत मोकळे ३ फूट हवेत. दार खोलीच्या बाजूस उघडावें. आंत कोणी पडलें तर आंत उघडणारें दार त्याच्याच अंगानें अडतें, आणि बाहेरच्यांना नुसतें ठोठावत राहावें लागतें; त्या रात्रीं आमचें तसेंच होणार होतें. उंबरठा नको, जमीन खोलीपेक्षां अर्धा इंच खालीं ठेवून मोरीकडे नेमका उतार दिला तर पाणी बाहेर येणार नाहीं. कमोड पूर्वेच्या भिंतीस, व त्याची मध्यरेषा मागील बाहेरच्या भिंतीपासून १॥ फुटावर असावी, म्हणजे आधाराचा दांडा त्या ९ इंची भिंतींत पक्का बसेल व दुसऱ्या बाजूस खुर्ची लावण्यास जागा राहील. कमोडापुढें सुमारें साडेपांच फूट उरतात, तेव्हां खुर्ची कशीबशी वळते. बेसिन आंत आलें कीं वळत नाहीं. तें दाराबाहेर घ्यावें.

दिवाणखाना लहान करण्यास धाकट्या बंधूचा विरोध होता, आणि तो निष्कारण नव्हता. आमच्याकडे गणपति, वडिलांचें श्राद्ध व मंगळागौर या तीन प्रसंगीं पंगत बसते. आम्हीं त्याचाही हिशेब केला. एका पानास दोन फूट धरले तर वीस फुटी भिंतीशीं दहा पानें, समोरासमोर दोन ओळींत वीस. सतरा फुटांत आठ-आठ मिळून सोळा. दारापुढची जागा दोन्ही हिशेबांत सारखीच जाते. म्हणजे वर्षांतून तीन दिवस चार पानें दुसऱ्या पंगतीला बसतील. बंधूनें हें ऐकून टेप माझ्या हातांतून घेतला, पुन्हां मोजलें, व कांहीं बोलला नाहीं.

कोठी गेल्यानें वहिनींची गैरसोय होते. ती जिन्याखालीं न्यावी असें मला सुचतें; परंतु मधल्या चौथऱ्याखालीं साडेचार फुटांहून अधिक उंची मिळणार नाहीं. तेथें धान्याचीं पिंपें राहतील, माणूस उभें राहणार नाहीं. वाटल्यास रोज लागणारें सामान स्वयंपाकघरांतील उंच फळ्यांवर घेऊं.

स्वयंपाकघर ७ × १० आहे व ओटे दोन्ही बाजूंस. दोन-दोन फूट ओट्यांना गेल्यावर मध्यें तीन फूट राहतात. एकटीला पुरेत, पण आमच्याकडे दोघी पाठीला पाठ लावून काम करतात व तिसरी ताट घेऊन जाते. रुंदी ८ करावी, जेवणघर एक फूट कमी झालें तरी चालेल. बाकी माडीवरील खोल्यांविषयीं माझें कांहीं म्हणणें नाहीं.

एक शंका विचारून पत्र पुरें करतों. तीन फूट पुढें येणाऱ्या भिंतीच्या जुन्या रेषेवर माडीवरही भिंत आहे. तिचा भार कोण घेणार? खांब हलवावे लागत असतील तर हिशेब करणाऱ्या अभियंत्यांना विचारून मगच होय म्हण. नकाशा नगरपालिकेकडे मंजुरीस जाण्यापूर्वी हें ठरावें. नंतर सुधारित मंजुरी काढण्यांत महिने जातील.

कळावें, लोभ असावा, हे आशीर्वाद.

---

उत्तर आठ दिवसांत आलें. भिंत सरकविण्यास अडचण नाहीं. खांब आहेत तेथेंच राहतील, जुन्या रेषेवर तुळई ठेवून तीवर माडीवरची भिंत येईल. मात्र ती तुळई मातोश्रींच्या खोलींत छताखालीं सुमारें नऊ इंच लोंबती दिसेल, पलंगाच्या कडेवर; चालेल का, असें त्यानें विचारलें होतें. कोठी जिन्याखालीं न नेतां जेवणघराच्या भिंतींत सव्वा फूट खोलीचीं कपाटें करावीं, ही त्याची सूचना माझ्यापेक्षां सरस होती.

रविवारीं मातोश्रींना रिक्षानें जागेवर नेलें. आम्हां दोघांच्या आधारानें त्या फक्कीच्या दारांतून आंत गेल्या व पलंगाच्या जागीं ठेविलेल्या खुर्चीवर बसल्या. “अरे, माझ्यासाठीं दिवाणखाना कां लहान करतां? मी किती दिवसांची!” असें म्हणाल्या. मी उत्तर शोधीत होतों, इतक्यांत बंधु वांकून सतरा फुटांची रेषा पुन्हां ठळक करूं लागला. पहिली वीस फुटांची रेषा त्यानें पायानेंच पुसून टाकिली होती.

तुळईविषयीं विचारलें तेव्हां मातोश्री वर आकाशाकडे पाहून म्हणाल्या, “जुन्या घरांत तर किती तुळया होत्या. एक असूं दे.” मग त्यांनीं खिडकी कोणत्या बाजूस येणार तें विचारलें.