‘२०२५-२६’ म्हणजे कोणत्या वर्षाचं रिटर्न? मार्गदर्शिका उघडण्याआधी हे तपासा

आयकर रिटर्न कसं भरायचं, हे सांगणाऱ्या मार्गदर्शिकांच्या वर बारीक अक्षरात एक ओळ असते: फॉर्म कोणता, वर्ष कोणतं आणि ‘नियम बदलू शकतात’. बहुतेक जण ती ओळ सोडून थेट पुढच्या पायऱ्यांकडे वळतात.

समजा, बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यात एक शिक्षक आहेत. एप्रिल २०२४ ते मार्च २०२५ या काळात त्यांना ९ लाख रुपये पगार मिळाला. या कमाईचं रिटर्न ‘असेसमेंट इयर २०२५-२६’ चं, कारण कमाईच्या पुढच्या वर्षात तिची आकारणी होते. शिक्षकांनी उघडलेल्या मार्गदर्शिकेवर मात्र ‘आर्थिक वर्ष २०२५-२६’ असं लिहिलंय. आकडा तोच, पण ती कमाई एप्रिल २०२५ नंतरची.

फरक किती पडतो? नव्या करप्रणालीत ७५ हजारांची प्रमाणित वजावट जाऊन ८ लाख २५ हजार उरतात. १२ लाखांपर्यंत कर नाही, ही सवलत एप्रिल २०२५ पासूनच्या कमाईला लागू झाली, म्हणून त्या मार्गदर्शिकेप्रमाणे कर शून्य येतो. शिक्षकांच्या खऱ्या वर्षाच्या दरांनी तो उपकरासह ३३,८०० रुपये होतो. पगारातून कापलेली रक्कम परत मिळेल, ही आशा तिथेच संपते. फॉर्म १६ वर असेसमेंट इयर छापलेलं असतं. मार्गदर्शिकेचं वर्ष त्याच्याशी जुळवून पाहावं.

फॉर्मचा प्रश्न बीडसारख्या भागात जास्त येतो, कारण नोकरदाराच्या नावावर अनेकदा कापूस-सोयाबीनचं शेतही असतं. शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी असेसमेंट इयर २०२५-२६ साठी ते ५ हजारांच्या वर गेलं, की आयटीआर-१ म्हणजे ‘सहज’ चालत नाही, आयटीआर-२ लागतो. (शिवाय पगारावरचा कर ठरवताना हे उत्पन्न हिशेबात धरलं जातं, त्यामुळे वरचा आकडा आणखी वाढू शकतो.) चुकीच्या फॉर्मवर भरलेलं रिटर्न सदोष ठरू शकतं. तशी नोटीस आली, तर दुरुस्तीसाठी साधारण १५ दिवस मिळतात.

फॉर्मचे नियमही जागेवर राहत नाहीत. शेअर किंवा इक्विटी म्युच्युअल फंडावर दीर्घकालीन नफा झाला, की ‘सहज’ बाद, असं जुन्या मार्गदर्शिका सांगतात. असेसमेंट इयर २०२५-२६ पासून असा नफा सव्वा लाखापर्यंत असेल, तर ‘सहज’ चालतो.

पुढचा गोंधळ याहून मोठा आहे. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू होतो आणि त्यात ‘टॅक्स इयर’ हा शब्द आहे. ‘असेसमेंट इयर २०२६-२७’ मध्ये मार्च २०२६ पर्यंतची कमाई येते, तर ‘टॅक्स इयर २०२६-२७’ मध्ये त्यानंतरची. वर नुसतं ‘२०२६-२७’ लिहिलेल्या मार्गदर्शिकेत कमाईचे महिने दिले नसतील, तर ती कोणत्या वर्षाची, हे वाचणाऱ्याला कळणार नाही.