'भिडलं' म्हणून सुटू नका

मित्राने वडिलांच्या शेवटच्या आठवड्यावर लेख लिहून वाचायला दिला, की आपण 'फार भिडलं' म्हणून मोकळे होतो. याला माया म्हणू नये. ही अंग काढून घेण्याची सभ्य रीत आहे. आधी विचारावं: हे फक्त वाचायचंय, की छापायला पाठवायचंय? फक्त वाचायचं असेल तर शेरे मारू नयेत. छापायचं असेल तर वाक्यांवर बोलावं.

समजा, लेखात 'मी आतून कोसळलो' तीनदा येतं आणि आयसीयूबाहेर न उघडलेला डबा एकदाच, ओझरता. तेव्हा 'भावना जास्त झाली' हा शेरा निरुपयोगी. तो माणसाला लागतो, पण कुठलं वाक्य बदलायचं ते सांगत नाही. त्याऐवजी म्हणावं, "डब्यापाशी मी थांबलो. तिसऱ्या 'कोसळलो'वरून मात्र नजर सरकली. तो डबा घरी गेल्यावर काय झालं?" आमच्या कोड रिव्ह्यूतही शेरा ओळीवर असतो, लिहिणाऱ्यावर नसतो.

त्याला उत्तर लिहायचं नसेल, तर तेही मान्य करावं. आठवण त्याची आहे. वाचक कुठे निसटला, एवढं सांगणं मात्र आपल्याकडे लागतं.