विश्लेषण : ‘सात दिवसांत परतावा’ म्हणजे नेमका कोणत्या तारखेपर्यंत?

ऑनलाइन कोर्स विकणाऱ्या बहुतेक कंपन्यांच्या जाहिरातीत ‘पैसे परत’ हे शब्द ठळक असतात. त्याच्या अटी मात्र संकेतस्थळाच्या तळाशी, बारीक अक्षरांत आणि बहुधा इंग्रजीत. कोर्स मराठीत विकायचा आणि परतावा इंग्रजीत समजावायचा, हा प्रकार आता अंगवळणी पडला आहे. पण भाषेपेक्षाही मोठी अडचण वेगळीच आहे. या धोरणांत दिवसांचे आकडे दिलेले असतात, पण ते दिवस कुठून मोजायचे आणि कुठे थांबायचे, हे लिहिलेले नसते. ग्राहकाचे पैसे अडकतात ते इथेच.

नेहमीचे धोरण कसे असते?

साधारण मसुदा असा असतो : ‘कोर्स समाधानकारक न वाटल्यास ७ दिवसांच्या आत परताव्याची विनंती करता येईल. विनंती मंजूर झाल्यास परतावा ७ ते १० कामकाजाच्या दिवसांत प्रक्रियेत घेतला जाईल. अंतिम निर्णय कंपनीचा राहील.’ वाचणाऱ्याला वाटते, सात दिवसांत कळवायचे आणि पुढच्या दहा दिवसांत पैसे खात्यात. प्रत्यक्षात या तीन वाक्यांत किमान चार गोष्टी मोकळ्या सोडलेल्या आहेत. सात दिवस कधीपासून? ‘विनंती’ म्हणजे ई-मेल पाठवणे की कंपनीने ती स्वीकारणे? मंजुरीला किती वेळ? आणि ‘प्रक्रियेत घेतला जाईल’ म्हणजे पैसे निघतील की खात्यात पोहोचतील?

त्याने काय फरक पडतो?

एक उदाहरण मांडून पाहू. समजा, लातूरच्या एका विद्यार्थिनीने स्पर्धा परीक्षेच्या ऑनलाइन बॅचसाठी शुक्रवार, १० ऑक्टोबर २०२५ रोजी रात्री १० वाजून ४० मिनिटांनी १८ हजार रुपये भरले. बॅच सुरू झाली बुधवारी, १५ ऑक्टोबरला. दोन दिवस तास ऐकल्यावर शिकवण्याची पद्धत पटली नाही, म्हणून १७ तारखेला, शुक्रवारी रात्री ११ वाजता तिने परताव्यासाठी ई-मेल केला.

ती मुदतीत आहे का? पैसे भरल्याचा दिवस पहिला धरला, तर सातवा दिवस १६ ऑक्टोबर. म्हणजे ती एक दिवस उशिरा. दुसऱ्या दिवसापासून मोजले, तर मुदत १७ तारखेच्या मध्यरात्रीपर्यंत. म्हणजे ती वेळेत. पैसे भरल्याच्या क्षणापासून तास मोजले, तर मुदत रात्री १०.४० ला संपली आणि ती वीस मिनिटांनी हुकली. बॅच सुरू झाल्यापासून मोजले, तर तिच्याकडे आणखी पाच दिवस आहेत. चारही अर्थ ‘७ दिवसांच्या आत’ या शब्दांत बसतात. त्यातला कोणता लागू करायचा हे कंपनीच्या मदत केंद्रातील व्यक्ती ठरवणार, तेही ई-मेल आल्यानंतर. ‘अंतिम निर्णय कंपनीचा’ हे वाक्य त्यासाठीच तर असते.

पैसे मिळायला किती दिवस लागतात?

तिची विनंती सोमवारी, २० ऑक्टोबरला मंजूर झाली असे धरू. तीन दिवसांत मंजुरी म्हणजे कंपनी चांगलीच म्हणायची. आता १० कामकाजाचे दिवस मोजायचे. २१ ला लक्ष्मीपूजन, २२ ला पाडवा. भाऊबीजेला ऑफिस चालू धरले, तरी शनिवार-रविवार सुट्टी आणि ५ नोव्हेंबरला गुरुनानक जयंती. दहावा दिवस येतो गुरुवारी, ६ नोव्हेंबरला. त्या दिवशी कंपनीने पैसे सोडले, तर धोरण पाळले गेले. पण पैसे अजून खात्यात नाहीत. पेमेंट गेटवे आणि कार्ड देणारी बँक यांच्यातून ते मागे यायला आणखी पाच ते सात कामकाजाचे दिवस लागू शकतात. सातवा दिवस धरला, तर उजाडतो १७ नोव्हेंबर.

म्हणजे ‘१० दिवस’ वाचून ती २७ ऑक्टोबरची वाट पाहत होती आणि पैसे आले बरोबर एक महिन्याने. गंमत अशी की, यात कोणीही खोटे बोललेले नाही. मधल्या काळात तिने पाठवलेल्या प्रत्येक ई-मेलला ‘आपला परतावा प्रक्रियेत आहे’ हे उत्तर मिळते आणि तेही खरेच असते.

कायदा काय सांगतो?

भारतात ऑनलाइन कोर्ससाठी ‘विचार बदलला, पैसे परत द्या’ असा सरसकट हक्क देणारा कायदा नाही. युरोपीय संघात दूरस्थ खरेदीला साधारण १४ दिवसांची मुदत असते, पण डिजिटल मजकूर ग्राहकाच्या संमतीने लगेच सुरू केला तर तो हक्कही जाऊ शकतो. आपल्याकडे सेवा सदोष असेल तर गोष्ट वेगळी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अशा सेवेचे पैसे पावतीवर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत परत न करणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. पण कोर्स ‘आवडला नाही’ म्हणून सोडणाऱ्याचा सारा आधार कंपनीच्या धोरणावरच असतो.

ई-कॉमर्स नियम, २०२० नुसार परताव्याची माहिती ग्राहकाला स्पष्ट दिसेल अशी देणे बंधनकारक आहे. तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचे. मात्र मान्य झालेल्या परताव्यासाठी हे नियम रिझर्व्ह बँकेने ठरवलेला कालावधी किंवा ‘वाजवी कालावधी’ एवढेच म्हणतात. वाजवी म्हणजे किती, हे पुन्हा मोकळेच. अनेक जण इथे रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या परिपत्रकातील दररोज १०० रुपये भरपाईचा दाखला देतात. ती भरपाई फसलेल्या व्यवहारांसाठी, म्हणजे खात्यातून पैसे गेले पण व्यवहार पूर्ण झाला नाही अशा प्रकारांसाठी आहे. विक्रेत्याने द्यायच्या परताव्याला ती लागू होत नाही.

मग धोरण कसे लिहावे?

यात दोन वेगळी घड्याळे आहेत, हे आधी मान्य करावे लागते. एक ग्राहकाचे : त्याने कधीपर्यंत मागायचे. दुसरे कंपनीचे : तिने कधीपर्यंत द्यायचे. प्रत्येक घड्याळ कोणत्या घटनेने सुरू होते आणि कोणत्या घटनेने थांबते, ते लिहायचे. पहिल्या घड्याळाचा मसुदा असा होऊ शकतो :

‘बॅचचा पहिला तास ज्या दिवशी होईल, तो दिवस सोडून पुढचे ७ दिवस तुम्ही परतावा मागू शकता. सातव्या दिवशी रात्री ११.५९ पर्यंत पाठवलेला अर्ज मुदतीत धरला जाईल, आम्ही तो कधीही उघडला तरी. तुमची शेवटची तारीख पावतीवर लिहिलेली आहे.’

यातले शेवटचे वाक्य सर्वात कामाचे. तारीख छापली की मोजण्याचा वादच उरत नाही. पावती संगणकच तयार करतो. बॅचच्या तारखेत सात मिळवणे त्याला अवघड नाही. बॅच पुढे ढकलली, तर नवी तारीख संदेशाने कळवायची. मुदत पहिल्या तासापासून मोजणे हेही न्याय्य आहे. कोर्स पाहण्याआधीच पाच दिवस खर्ची पडत असतील, तर ती सात दिवसांची मुदत नव्हे, दोन दिवसांची.

रेकॉर्डेड कोर्समध्ये कंपन्यांची एक भीती खरी असते : सगळे व्हिडीओ पाहून, नोट्स उतरवून पैसे परत मागणारे लोक. त्यासाठी ‘२० टक्क्यांपेक्षा जास्त मजकूर पाहिलेला नसावा’ अशी अट घातली जाते. अट गैर नाही, पण ती मोजता आली पाहिजे. टक्के व्हिडीओंच्या संख्येचे की मिनिटांचे? ६० तासांच्या कोर्समध्ये वेळेचे २० टक्के म्हणजे १२ तास. पण संख्येने मोजले आणि सुरुवातीला दोन-दोन मिनिटांच्या ओळखीच्या चित्रफितींची रांग असेल, तर विद्यार्थी पहिल्याच संध्याकाळी मर्यादा ओलांडतो. धोरणात ‘१२ तास’ असे लिहावे आणि पाहिलेला वेळ ॲपमध्ये दिसावा. नकार देताना जो आकडा दाखवणार, तो आधी दाखवायला हरकत काय?

दुसऱ्या घड्याळाचे काय?

कंपनीने स्वतःच्या हातातल्या गोष्टीचेच वचन द्यावे, पण ते नेमके द्यावे. ‘अर्ज आल्यापासून ३ दिवसांत आम्ही हो किंवा नाही कळवू. नाही असेल तर कोणत्या अटीमुळे, ते सांगू. हो असेल तर पुढच्या २ दिवसांत पैसे सोडू आणि त्याच दिवशी व्यवहाराचा संदर्भ क्रमांक पाठवू. त्यानंतर बँकेला ५ ते ७ कामकाजाचे दिवस लागू शकतात. इथे दिलेले आमचे दिवस सुट्ट्या धरून आहेत.’

लातूरच्या विद्यार्थिनीला हे लावून पाहा. तिची शेवटची तारीख २२ ऑक्टोबर, त्यामुळे १७ चा अर्ज निर्विवाद मुदतीत. उत्तर २० पर्यंत, पैसे सुटणार २२ पर्यंत, बँकेचा सातवा दिवस ३१ ऑक्टोबर. बँकेच्या वेळेत एका दिवसाचीही कपात न करता सतरा दिवस वाचले. शिवाय संदर्भ क्रमांक हाती असल्याने ३१ नंतर ती थेट बँकेत विचारू शकते. कार्डासाठी हा क्रमांक ‘एआरएन’ या नावाने ओळखला जातो. तो नसेल, तर बँक कंपनीकडे बोट दाखवते आणि कंपनी बँकेकडे.

कोर्स हप्त्यांवर घेतला असेल, तर आणखी एक वाक्य हवेच. ‘नो कॉस्ट ईएमआय’च्या मागे अनेकदा वित्तसंस्थेचे कर्ज असते. तेव्हा परतावा त्या संस्थेकडे जातो आणि कर्ज बंद होईपर्यंत हप्ता कापला जाऊ शकतो. कोर्स सोडला म्हणून हप्ता थांबवला, तर थकबाकीची नोंद विद्यार्थ्याच्या किंवा पालकाच्या नावावर होते. मधल्या काळातला हप्ता कोण भरणार, हे धोरणात नसेल तर तो ग्राहकच भरतो.

ग्राहकाने काय तपासावे?

धोरण स्पष्ट आहे की नाही, हे पैसे भरण्याआधी कळू शकते. घरातल्या दोघांना ते वाचायला देऊन, ‘आज घेतला तर शेवटची तारीख कोणती आणि पैसे कधी येतील?’ असे विचारायचे. दोन वेगळ्या तारखा आल्या, तर तोच प्रश्न कंपनीला लेखी विचारावा. खरेदीच्या दिवशीच्या धोरणाचा स्क्रीनशॉट ठेवावा, कारण ते पान नंतर बदलू शकते. लिहिलेली मुदत कंपनीनेच मोडली, तर आधी तक्रार निवारण अधिकाऱ्याला ई-मेल आणि तिथे दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. तिथेही पहिला प्रश्न तारखांचाच असतो.