पुढचा ब्रेक, मागचा ब्रेक

बारावीची परीक्षा संपली की घरोघरी स्कूटर शिकण्याचा हंगाम सुरू होतो. त्याच काळात खरचटलेले तळहात आणि सुजलेली मनगटे घेऊन तरुण मुले-मुली दवाखान्यात येऊ लागतात. ‘कसे पडलात?’ असे विचारले, तर बहुतेकांचे उत्तर एकच असते : ‘ब्रेक लावला आणि गाडी घसरली.’ म्हणूनच या वेळी ब्रेकविषयी थोडे सविस्तर पाहू.

बिनगिअरच्या स्कूटरवर उजव्या मुठीजवळ पुढचा ब्रेक असतो आणि डाव्या मुठीजवळ मागचा. ‘पुढचा लावलास तर तोंडावर पडशील’ हा घरातील वडीलधाऱ्यांचा सल्ला. तो ऐकून नवशिके केवळ डाव्या हातावर विसंबतात. या सल्ल्यामागील भीती खरी आहे, निष्कर्ष मात्र अपुरा आहे. ब्रेक लागताच गाडीचा आणि स्वाराचा भार पुढे सरकतो. पुढचे चाक रस्त्यावर अधिक दाबले जाते, तर मागचे हलके होते. हलक्या झालेल्या चाकाची पकड कमी असते. त्यामुळे केवळ मागचा ब्रेक जोरात दाबला, तर ते चाक फिरायचे थांबून फरफटू लागते.

याचा हिशेब करून पाहू. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी स्कूटर सेकंदाला सुमारे ११ मीटर अंतर कापते. समोर कुत्रे आडवे आले, हे लक्षात येऊन बोटे ब्रेकवर आवळेपर्यंत साधारण एक सेकंद जातो, म्हणजे ११ मीटर तिथेच संपतात. त्यापुढे कोरड्या, चांगल्या रस्त्यावर दोन्ही ब्रेक नीट लावले, तर गाडी आणखी सुमारे १० मीटरांत थांबते. केवळ मागचा लावल्यास त्याच्या जवळपास दुप्पट अंतर लागते. दुसऱ्या शब्दांत, पहिला स्वार जिथे पूर्ण थांबलेला असतो, तिथून दुसरा अजून ताशी २८ किलोमीटरच्या आसपास वेगाने जात असतो.

मग पुढच्या ब्रेकने माणसे पडतात ती का? कारण तो झटक्याने दाबला जातो. भार पुढे सरकण्यापूर्वीच चाक अडकते आणि पकड सुटते. हँडल वळलेले असताना किंवा वाळू, खडी, ओला रंगीत पट्टा यांवर हे विशेष घडते. माझ्याकडे आलेली एकोणीस वर्षांची एक मुलगी अशीच पडली होती. कोपऱ्यावर वळता वळता रिक्षा पुढे आली, तिने उजवी मूठ एकदम आवळली आणि रस्त्यावरील बारीक खडीवर पुढचे चाक निसटले. म्हणून गाडी सरळ असतानाच, वळणाच्या आधी, वेग कमी करावा. दोन्ही ब्रेक एकाच वेळी हलके धरावेत आणि ओला स्पंज पिळावा तसा दाब वाढवत न्यावा. मागचे चाक किंचाळू लागले, शेपटीसारखे डुलू लागले, तर डावी मूठ किंचित सैल करावी व नजर सरळ पुढे ठेवावी. पुढचे चाक अडकल्याचे जाणवले, तर उजवी मूठ तत्क्षणी सोडून पुन्हा हलकेच दाबावी.

१२५ सीसीपर्यंतच्या अलीकडच्या अनेक गाड्यांत डावा ब्रेक दाबताच पुढचाही थोडा लागतो. ही सोय उपयुक्त आहे; तरीही पुरते थांबण्यासाठी उजव्या हाताची गरज उरतेच.

बसण्याची पद्धतही येथे महत्त्वाची ठरते. हात ताठ ठेवले, तर ब्रेक लावताना सारे शरीर हँडलवर कोसळते आणि गाडी डगमगते. कोपर किंचित वाकलेले, पाठ सैल पण सरळ, गुडघे आत आणि पाय फळीवर असावेत. पाय जमिनीवर टेकण्याची घाई नवशिक्यांना फार असते. गाडी थांबण्यापूर्वी टेकवलेला पाय घोट्यात मुरगळतो. मोकळ्या मैदानावर ताशी २० किलोमीटर वेगाने, ठरलेल्या रेषेपाशी थांबण्याचा सराव करावा आणि तो जमल्यावरच वेग वाढवावा.

इतके करूनही तोल जाऊ शकतो. पडताना माणूस आपोआप हात पुढे करतो, म्हणून हातमोजे हवेत. त्या मुलीच्या अंगठ्याच्या बुडाशी दुखत होते. पहिल्या एक्स-रेमध्ये काही दिसले नाही. दहा दिवसांनी पुन्हा काढला, तेव्हा मनगटातील लहान हाडाचा तडा दिसला. अंगठ्याच्या बुडाशी खोलगट जागेत दाबून दुखत असेल, तर ‘मुरगळले असेल’ म्हणून सोडून देऊ नये.

तिच्या डोक्याला मात्र काही झाले नाही, कारण हेल्मेटचा पट्टा बांधलेला होता. पट्टा आणि हनुवटी यांत दोन बोटे मावतील, इतकाच तो सैल असावा. आघात झालेले हेल्मेट पुन्हा वापरू नये. आतील थर एकदा दबला की वरून धड दिसले, तरी ते पूर्वीसारखे रक्षण करीत नाही.