पोस्टरवरची एक ओळ

मा. मुख्य निवडणूक अधिकारी, महाराष्ट्र राज्य, यांस


आम्ही उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरची काही मंडळी आहोत: नोकरदार, निवृत्त, दोन दुकानदार आणि एक शिक्षिका. कोणत्याही पक्षाचे काम आम्ही करत नाही. आमच्यात मते चिक्कार आहेत, म्हणूनच पोस्टरवर रंग कोणता वापरायचा यावरच पहिली संध्याकाळ गेली. अखेर काळ्यावर पांढरे ठरले. मजकूर मात्र लगेच सुचला : 'मुदत संपण्याआधी मतदार यादीत आपले नाव तपासा.' हीच ओळ स्टेशनबाहेर लावायची होती. लावण्याआधी आम्हीच आमची नावे तपासायला बसलो आणि तिथेच घोटाळा कळला.

बदलापूरच्या एका सभासदाने मोबाइलवर electoralsearch.eci.gov.in उघडले. नाव, वडिलांचे नाव, वय, जिल्हा ठाणे अशी माहिती भरली. मतदारसंघ विचारल्यावर त्याने अंबरनाथ निवडला, कारण त्याच्या घराचा तालुका अंबरनाथच आहे. उत्तर आले, नोंद नाही. माणूस हबकला. त्याचे नाव यादीत होते, पण मुरबाड विधानसभेच्या. बदलापूर शहर तालुक्याने अंबरनाथचे असले तरी विधानसभेला मुरबाडमध्ये आणि लोकसभेला भिवंडीत मोडते. शेजारचे अंबरनाथ शहर मात्र अंबरनाथ विधानसभेत आणि कल्याण लोकसभेत आहे. उल्हासनगरची तऱ्हा आणखी वेगळी. महापालिका एक, पण तिचा सगळा भाग उल्हासनगर विधानसभेत येत नाही. काही वस्त्या अंबरनाथला, काही कल्याण पूर्वला जोडलेल्या आहेत. 'मी उल्हासनगरचा' म्हणणाऱ्याने यादीही उल्हासनगरचीच उघडली, तर नाव असूनही सापडणार नाही.

यावरचा उपाय सोपा आहे, तो आम्हालाच उशिरा सुचला. शोध नावाने न घेता ओळखपत्राच्या क्रमांकाने घ्यावा. तीन इंग्रजी अक्षरे आणि सात आकडे टाकून राज्य निवडले की मतदारसंघ, यादी भाग क्रमांक, अनुक्रमांक आणि केंद्राचा पत्ता समोर येतो. नावाने शोधणे आमच्याकडे तसेही अवघड. सिंधी आडनाव देवनागरीत एका तऱ्हेने, रोमनमध्ये दुसऱ्या तऱ्हेने उतरलेले असते, आणि पत्ता म्हणजे कॅम्प, सेक्शन, बराक नंबर. जुन्या बऱ्याच घरांत MT ने सुरू होणारे, तिरक्या रेघांचे लांबलचक क्रमांक असलेले कार्ड अजून जपून ठेवलेले आहे. त्यांनी 1950 वर फोन करावा किंवा आपल्या भागाच्या बीएलओकडे जावे.

पण कार्ड म्हणजे नोंद नव्हे. खिशात कार्ड आहे म्हणून निर्धास्त असलेला माणूस आम्हाला जागोजागी भेटतो. मतदान करता येते ते यादीत नाव असल्यामुळे. कार्ड फक्त ओळख पटवते. बीएलओ दारावर येतात तेव्हा आमच्याकडे घराला कुलूप असते, कारण माणसे पहाटेच्या लोकलने मुंबईला गेलेली असतात. ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीतला कामगार निवृत्त झाला की क्वार्टर सोडतो. उल्हासनगरात मे 2021 मध्ये इमारतींचे स्लॅब कोसळून माणसे गेली, त्यानंतर धोकादायक ठरलेल्या इमारतींमधली कुटुंबे इकडेतिकडे पांगली. जुन्या पत्त्यावर कोणी सापडत नसेल, तर 'स्थलांतरित' म्हणून नाव वगळण्याची कारवाई होऊ शकते. त्याची नोटीसही जाते जुन्याच पत्त्यावर.

आता 'मुदत' या शब्दाकडे येतो. आमच्या दुसऱ्या एका सभासदाची गोष्ट सांगतो. लालबागची चाळ सोडून तो बदलापूर पश्चिमेला आला. ऑगस्ट 2025 मध्ये त्याने पत्ता बदलण्यासाठी फॉर्म 8 भरला, यथावकाश बदलापूरच्या पत्त्याचे कार्ड आले. डिसेंबरात कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेची निवडणूक लागली. यादीत त्याचे नाव नव्हते. चूक कोणाचीच नव्हती. स्थानिक निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. तो स्वतः नावे नोंदवत नाही. आपल्या विधानसभेच्या याद्या एका ठरवलेल्या तारखेला घेऊन त्या प्रभागांत विभागतो. या वेळी ती तारीख 1 जुलै 2025 होती. त्या दिवशी आमचा सभासद कागदोपत्री शिवडी मतदारसंघातच होता. म्हणजे राहायला बदलापुरात, कार्ड बदलापूरचे, आणि जानेवारीतल्या मुंबई महापालिकेच्या यादीत नाव लालबागला शाबूत! प्रारूप प्रभाग यादीवर हरकती मागवतात हे खरे, पण त्यात प्रभाग चुकला किंवा विधानसभेच्या यादीतले नाव गळले एवढेच दुरुस्त होते. नवे नाव घालता येत नाही. त्याच्या मुलाला 18 वर्षे सप्टेंबरात पूर्ण झाली, त्यामुळे 1 ऑक्टोबरच्या अर्हता दिनांकावर तो पात्र ठरला, पण जुलैच्या यादीला त्याचा उपयोग नव्हता.

विधानसभा-लोकसभेचा हिशेब निराळा. तिथे उमेदवारी अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत यादीत नाव चढू शकते, मात्र अर्ज त्याच्या साधारण दहा दिवस आधी पोहोचला पाहिजे, कारण हरकतींसाठी सात दिवस ठेवावे लागतात. एका निवडणुकीची मुदत अशी, दुसरीची तशी, आणि लोक मात्र मतदानाचा दिवस हीच मुदत समजतात.

त्या सभासदाच्या पत्नीने आणखी एक चूक केली, ती आम्हाला सर्वांत जास्त दिसते. तिने फॉर्म 8 ऐवजी फॉर्म 6 भरला. फॉर्म 6 पहिल्यांदाच नोंदणी करणाऱ्यासाठी असतो. फॉर्म 8 ने जुनी नोंद हलते. तिची लालबागची नोंद तशीच राहिली आणि बदलापूरला दुसरी तयार झाली. कायद्याने एकाच माणसाचे नाव दोन ठिकाणी राहता कामा नये, आणि खोटे निवेदन गुन्हा ठरतो. बाईंच्या मनात काही नव्हते, फक्त 'नवीन घर म्हणून नवीन अर्ज' असे वाटले होते. गेल्या निवडणुकांत प्रभाग यादीत संभाव्य दुबार नावांपुढे दोन चांदण्या छापल्या होत्या. त्या दिसल्यावर लोक ते काही मानाचे चिन्ह आहे का, असे विचारायला आले.

साहेब, आपल्याकडे एवढेच मागणे. आमच्या तिन्ही शहरांत स्टेशनबाहेर आणि पालिका कार्यालयांत एक-एक फलक लावावा. त्यावर त्या भागाचा विधानसभा मतदारसंघ ठळक असावा, बदलापूरला 'मुरबाड' हा शब्द सर्वांत मोठा. खाली फॉर्म 6 कोणासाठी आणि फॉर्म 8 कोणासाठी हे दोन ओळींत. आणि राज्य निवडणूक आयोगाने यादीची तारीख ठरवण्याआधीच, अशी तारीख लवकर ठरू शकते हे आपल्या कार्यालयांतून लोकांना कळावे. तारीख जाहीर झाल्यावर सांगून उपयोग होत नाही.

पोस्टर आम्ही बदलले आहे. नवा मजकूर असा : 'कार्ड नको, यादी पाहा. ओळखपत्राच्या क्रमांकाने शोधा. घर बदललेय? फॉर्म 8. पहिल्यांदाच नोंदवताय? फॉर्म 6. निवडणूक लागेपर्यंत थांबू नका.' ओळ लांबली, याची कल्पना आहे. शिक्षिका बाई म्हणतात, अक्षर थोडे बारीक करू. जाहीर करण्याआधी आपल्या कार्यालयाने एकदा नजर टाकून चूक असल्यास कळवावे, छपाई रविवारपर्यंत थांबवली आहे.

आपले,
उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूरचे काही मतदार