जूनमध्ये सूर्य जवळ येत नाही!
सहावीच्या भूगोलातील ‘ऋतू कसे होतात?’ या धड्याविषयी पालक, शिक्षक आणि शाळाचालक यांच्यासाठी पत्रक

पालकहो, शिक्षक बंधू-भगिनींनो,

पुण्यातल्या काही शाळांनी यंदा सहावीला एका खासगी प्रकाशनाचे भूगोलाचे पुस्तक लावले आहे. प्रकाशनाचे नाव आम्ही मुद्दाम छापत नाही, कारण भांडण दुकानाशी नाही, धड्याशी आहे. गुळगुळीत कागद, रंगीत चित्रे, मागे चकचकीत कव्हर. आत ऋतूंवरचा सहा पानांचा धडा आहे. तो आम्ही ओळ न् ओळ वाचला. या धड्यातून मुले जे शिकतील ते पुढे कुणालातरी पुसून काढावे लागणार आहे.

चूक पहिल्याच पानावर

धडा सांगतो, ‘२१ जूनच्या सुमारास पृथ्वी सूर्याच्या जवळ असते, म्हणून उन्हाळा असतो.’ वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. पृथ्वी सूर्यापासून सर्वांत लांब असते ती जुलैच्या पहिल्या आठवड्यात, सुमारे १५ कोटी २१ लाख किलोमीटरवर. सर्वांत जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला, सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर. म्हणजे आपण स्वेटर घालतो तेव्हा सूर्य जवळ असतो.

गंमत पुढच्याच पानावर आहे. तिथे लिहिले आहे की डिसेंबरात ऑस्ट्रेलियात उन्हाळा असतो. वर्गात एका मुलीने हात वर करून विचारले, “सर, पृथ्वी एकच आहे ना? मग जवळ गेली तर सगळीच जवळ जाईल. तिकडे थंडी आणि इकडे उन्हाळा कसा?” तिने एका वाक्यात धडा निकालात काढला. लेखक आणि संपादकांना मात्र समोरासमोरची ही दोन पाने एकदाही शेजारी ठेवून वाचावीशी वाटली नाहीत.

खरे कारण पृथ्वीचा कललेला आस. तो सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला आहे आणि वर्षभर त्याची दिशा तीच राहते. त्यामुळे जूनमध्ये उत्तर गोलार्ध सूर्याकडे झुकलेला असतो, ऊन सरळ पडते आणि दिवसही मोठा असतो. पुण्यात जूनचा दिवस सव्वातेरा तासांचा, तर डिसेंबरचा अकरा तासांचा. धड्यात कल येतो, पण चौथ्या पानावर, एका ओळीत आणि ‘जवळ-लांब’च्या जोडीला आणखी एक कारण म्हणून.

चित्र शब्दांपेक्षा जास्त खोटे बोलते

पृथ्वीची कक्षा अंड्यासारखी लांबट काढली आहे. ही कक्षा लंबवर्तुळ आहे, हे खरे. पण किती? कागदावर १० सेंटिमीटर रुंद काढली, तर लांबी-रुंदीतला फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास येतो आणि सूर्य मध्यापासून जेमतेम एक मिलिमीटरही सरकत नाही. डोळ्याला ते वर्तुळच दिसते. तिरक्या बाजूने पाहिले की वर्तुळ लांबट दिसते, तसे हे चित्र असते. पण ‘तिरके पाहिले आहे’ एवढे तीन शब्द चित्राखाली नाहीत.

बरे, चित्र खरे मानले तरी धडा बुडतो. त्यात जून आणि डिसेंबर लांबटीच्या दोन टोकांना आहेत, मार्च आणि सप्टेंबर सूर्यालगत. म्हणजे या चित्राप्रमाणे कडक उन्हाळा मार्च-सप्टेंबरात हवा!

दुसऱ्या चित्रात चार ऋतू आहेत. पिवळी पाने गाळणारे झाड, बर्फाचा माणूस, फुललेली बाग आणि समुद्रकिनारा. पावसाळा कुठे आहे? ज्या मुलांची शाळाच पावसाळ्यात सुरू होते, त्यांच्या ऋतूंच्या धड्यात पाऊस नाही.

भाषा कुणासाठी?

धड्यातले हे एक वाक्य पाहा: ‘अक्षाच्या कलत्या स्थितीमुळे परिभ्रमणकालात सूर्यकिरणांच्या आपतन कोनात भिन्नता निर्माण होऊन तापमानाचे असमान वितरण घडते.’ अकरा वर्षांचे मूल हे पाठ करील, समजून घेणार नाही. तेच असे सांगता येते: ‘अंधाऱ्या खोलीत टॉर्च भिंतीवर सरळ धरा, लहान आणि लख्ख गोल दिसेल. तोच तिरका धरा, गोल पसरेल आणि फिका पडेल. तिरके ऊन असेच पसरते, म्हणून कमी तापते.’ परिवलन आणि परिभ्रमण हे शब्द मुलांना यायलाच हवेत. पण आधी ‘स्वतःभोवती फिरणे’ आणि ‘सूर्याभोवती फिरणे’ यांचा अनुभव, मग नाव. नावे आधी आली की ती परीक्षेच्या दिवशी एकमेकांत मिसळतात.

स्वाध्याय की नक्कल?

स्वाध्यायात रिकाम्या जागा, जोड्या आणि ‘कारणे द्या’. प्रत्येक उत्तर पानावरून जसेच्या तसे उचलता येते. ‘आस … अंशांनी कललेला आहे’ इथे मूल २३.५ लिहून पूर्ण गुण घेते. कशापासून कललेला, हे कुणी विचारत नाही.

धड्यात आणखी एक वाक्य आहे: ‘दुपारी बारा वाजता सूर्य बरोबर डोक्यावर येतो, म्हणून सावली पडत नाही.’ ते खोटे ठरवायला एक मीटरची सरळ काठी पुरे आहे. पुण्यात २२ डिसेंबरला भर दुपारची तिची सावली सुमारे ९० सेंटिमीटर पडते, २१ मार्चला सुमारे ३३, दोन्ही वेळा उत्तरेकडे. १४ मेच्या आसपास सावली काठीच्या बुडाशीच संपते. २१ जूनला ती आठ-नऊ सेंटिमीटर असते आणि चक्क दक्षिणेकडे पडते, कारण तेव्हा सूर्य आपल्या उत्तरेला गेलेला असतो. जुलैच्या अखेरीस सावली पुन्हा नाहीशी होते, ढगांनी वाट दिली तर. शून्य सावलीचे हे दोन दिवस साऱ्या महाराष्ट्राच्या वाट्याला येतात. आणि पुण्यातली भर दुपार बाराची नाही. मे महिन्यात ती साडेबाराला होते, कारण आपले घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर चालते आणि पुणे त्याच्या बरेच पश्चिमेला आहे.

यातूनच खरा प्रश्न निघतो: मेमध्ये सूर्य डोक्यावर असताना पुण्यात पारा ३७ च्या घरात जातो, जुलैअखेर तो पुन्हा डोक्यावर येतो तेव्हा २८ च्या आसपासच का थांबतो? ढग आणि पाऊस यांचे नाव काढल्याशिवाय उत्तर देता येणार नाही. असा एकही प्रश्न स्वाध्यायात नाही.

आमच्या मागण्या

१. ‘जवळ-लांब’चे कारण आणि बाराच्या सावलीचे वाक्य यांचे शुद्धिपत्रक प्रकाशकाने प्रत्येक मुलाच्या हाती द्यावे. नुसते पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करून भागणार नाही.
२. कक्षेचे चित्र बदलावे आणि ऋतूंच्या चित्रात पावसाळा यावा.
३. शाळांनी पुस्तक लावण्यापूर्वी ते विषयशिक्षकांकडून वाचून घ्यावे.

पालकांना एकच विनंती. येत्या २२ डिसेंबरला मुलाला घेऊन गच्चीवर जा, काठी उभी करा, साडेबाराच्या सुमारास सावली मोजा आणि आकडा पुस्तकातल्या त्या वाक्याशेजारी पेनाने लिहा. ते पुस्तक शाळेत परत जाईल तेव्हा त्या पानावर निदान एक खरी ओळ असेल.

आपले,
सहावीचे काही पालक आणि एक भूगोल शिक्षक